बाबांना डोळे तपासायला तयार करणारा मेसेज: तयारी, मजकूर आणि ‘बघू’ आल्यावर पुढचं

“बाबा, एकदा डोळे तपासून घ्या” असा मेसेज पाठवला की उत्तरात अंगठा येतो, नाहीतर “बघू” येतं. दोन्हींचा अर्थ एकच. मग दुसरा मेसेज जरा चिडून जातो, तिसरा आईमार्फत, आणि शेवटी डोळ्यांचा विषय निघाला की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात.

यात गडबड होते ती क्रमाची. मेसेज आधी लिहिला जातो; बाबा नक्की कशाला नाही म्हणताहेत, तपासणीत काय होतं, वेळ कुठली, सोबत कोण, हे सगळं मागाहून शोधलं जातं. खरं तर मेसेज हे यातलं चौथं काम आहे. खाली ते एकाच उदाहरणावर टप्प्याटप्प्याने दाखवलं आहे. वडील ६९ वर्षांचे, निवृत्त, रोज स्वतः गाडी चालवणारे. मुलगी ४२ वर्षांची, दुसऱ्या शहरात राहणारी. वडिलांच्या थोरल्या भावाला काचबिंदू आहे, ते रोज थेंब घालतात. वडिलांची शेवटची तपासणी म्हणजे काही वर्षांपूर्वी चष्म्याच्या दुकानात काढलेला नंबर.

आधी हे तपासा. पुढचं काही झालं असेल तर मेसेज लिहीत बसू नका, फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या: अचानक दिसेनासं होणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणं, डोळ्यापुढे एकाएकी खूप काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसणं, एकाचे दोन दिसायला लागणं, किंवा डोळा लाल होऊन जोरात दुखणं आणि सोबत मळमळ. इथे मन वळवण्याइतका वेळ नसतो.

## टप्पा १: निरीक्षण करा, वाद घालू नका

पहिलं काम म्हणजे बाबांच्या वागण्यात काय बदललं आहे ते पाहणं. “नीट दिसतं का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. दृष्टी हळूहळू कमी होते तेव्हा माणूस तिच्याशी जुळवून घेत जातो, आणि एक डोळा चांगला असेल तर दुसऱ्याची उणीव तो झाकून टाकतो. बाबा “मला सगळं दिसतं” म्हणतात ते खोटं नसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांना खरंच सगळं दिसत असतं.

म्हणून वागणं पाहा. संध्याकाळनंतर गाडी काढणं बंद झालंय का? समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना ते शिव्या घालतात का? जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय चाचपतो का? पाणी ओतताना ग्लासबाहेर जातं का? टीव्हीवरच्या खालच्या पट्टीतलं दुसऱ्याला वाचायला सांगतात का? तुम्ही लांब राहत असाल तर हे आईला किंवा घरात जो असेल त्याला विचारा. बाबांना विचारू नका.

एक खूण मात्र हमखास उलटी वाचली जाते. बाबा एके दिवशी अभिमानाने सांगतात, “मला आता वाचायला चष्मा लागत नाही, माझे डोळे सुधारले!” घरचेही खूश होतात. मोतीबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातल्या भिंगाचा गाभा कडक आणि दाट होतो, त्यामुळे प्रकाश जास्त वळतो आणि जवळचं काही काळ बिनचष्म्याचं स्पष्ट दिसायला लागतं. त्याच वेळी लांबचं धूसर होत जातं. साठी ओलांडलेल्या माणसाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तर ते तपासणीचं कारण आहे. मधुमेह असेल तर साखर वर-खाली झाल्यानेही नंबर असा हलतो. दोन्हींतलं कुठलं, हे ठरवणं तुमचं काम नाही.

काचबिंदूची गोष्ट याहून अवघड. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं. नजर जाते ती कडेकडेने, आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली टिकवता येते. म्हणजे या आजारासाठी तुम्हाला बाबांच्या वागण्यात पुरावा सापडेलच असं नाही. तिथे कारण नात्यातून शोधावं लागतं. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना काचबिंदू असेल तर धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. आपल्या उदाहरणात थोरल्या काकांचं दुखणं म्हणूनच महत्त्वाचं.

सावधान. जमवलेल्या खुणांची यादी मेसेजात ओतू नका. “परवा पायरी चुकलात, काल पाणी सांडलंत, त्या दिवशी शेजाऱ्यांना ओळखलं नाहीत” हे वाचून बाबांना काळजी दिसत नाही, पाळत दिसते. आणि आईने सांगितलं हे त्यांना लगेच कळतं. यादी डॉक्टरांसाठी ठेवा.

## टप्पा २: नकार नक्की कशाला आहे ते ओळखा

“वेळ नाही”, “नंतर बघू”, “हे डॉक्टर लोक काहीतरी काढतातच” ही वरची कारणं. त्यांना उत्तरं देत बसलात तर नवी कारणं येत राहतील. खालचं कारण साधारण तिघांपैकी एक असतं.

एक, ऑपरेशनची भीती. असे वडील “मोतीबिंदू पिकू दे, मग बघू” म्हणतात. ही समजूत जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातली आहे. आता पिकण्याची वाट बघत नाहीत; कमी दिसण्याने रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशनचा विचार करतात. उलट फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला जास्त त्रासाचा.

दोन, म्हातारपणाचा शिक्का. डोळे गेले म्हणजे आपण गेलो, असं मनात असतं.

तीन, गाडी. “डॉक्टरने गाडी चालवू नका सांगितलं तर?” हे कोणी मोठ्याने म्हणत नाही. पण ज्याचं बाहेर जाणं, कामं करणं, घरात उपयोगी पडणं सगळं गाडीवर आहे, त्याच्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरचं दार म्हणजे किल्ली काढून घेणारं दार.

ओळखायचं कसं? बाबा कोणत्या विषयावर न विचारता खुलासा देतात ते पाहा. आपल्या उदाहरणात वडील रात्रीच्या लग्नांना जायचं टाळायला लागले आणि दर वेळी सांगतात, “रात्री रस्त्यावर फार गर्दी असते हल्ली.” कोणी विचारलेलं नसतं. म्हणजे इथे कारण तिसरं आहे, आणि त्यामुळे मेसेजात एक गोष्ट चुकूनही यायला नको: “तुम्ही गाडी चालवता म्हणून मला भीती वाटते.” मुलीच्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं कारण असतं, आणि नेमकं तेच लिहिलं जातं. वाचणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की तपासणी म्हणजे गाडीचा निकाल.

तपासा. पुढे जाण्याआधी एका वाक्यात स्वतःशी लिहा: “बाबांना ___ गमावण्याची भीती आहे.” रिकामी जागा भरता येत नसेल तर अजून आठवडाभर ऐका.

## टप्पा ३: तपासणी समजून घ्या, मग वेळ ठरवा

बहुतेक मेसेज फसतात ते इथे. मुलगी “डोळे तपासा” म्हणते, बाबा कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून येतात आणि विषय संपतो. नंबर काढणं म्हणजे अक्षरं नीट दिसण्यासाठी कुठली काच लागेल ते बघणं. काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यात झालेला बदल त्यात कळेलच असं नाही, कारण दोन्हींत सुरुवातीला अक्षरं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येऊ शकतात.

तुम्हाला हवी ती तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडची. वेळ घेताना फोनवर असं सांगा: “पूर्ण तपासणी हवी आहे, डोळ्याचं प्रेशर बघायचं आहे आणि थेंब घालून पडदा बघायचा आहे. सख्ख्या भावाला काचबिंदू आहे.” शेवटचं वाक्य विसरू नका; त्यावरून डॉक्टर काय काय तपासायचं ते ठरवतात.

तिथे काय होतं हे तुम्हाला बाबांना सांगता आलं पाहिजे, म्हणून क्रम समजून घ्या. आधी एकेक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचायची. मग यंत्रावर हनुवटी टेकवून नंबर. मग प्रेशर: काही ठिकाणी डोळ्यावर हवेची छोटी फुंकर मारतात, तेव्हा माणूस दचकतो, काही ठिकाणी बधिर करणारा थेंब घालून निळ्या उजेडात एक बारीक टोक डोळ्याला हलकं टेकवतात. दोन्ही दुखत नाहीत. मग मोठ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्याचा पुढचा भाग आणि भिंग. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब, साधारण अर्धा तास बसणं, आणि आतला पडदा व डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस पाहणं; काचबिंदूत खराब होते ती हीच.

या थेंबांचा परिणाम चार ते सहा तास राहतो, कधी त्याहून जास्त. जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. स्वतः गाडी चालवत गेलेला माणूस तिथे अडकतो. एक तर थेंब नको म्हणतो आणि अर्धी तपासणी होते, नाहीतर थेंब घालून गाडी चालवत परत येतो. म्हणून जाण्यायेण्याची सोय हा वेळ ठरवण्याचाच भाग धरा. त्या दिवशी उन्हाचा चष्मा जवळ असू द्या.

वेळ दीड-दोन तास धरा, सकाळची घ्या, आणि एक पर्यायी दिवसही विचारून ठेवा. नस संशयास्पद वाटली तर कडेची नजर मोजण्याची वेगळी चाचणी सांगतात. त्यात ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. ती कंटाळवाणी असते आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी ठेवतात. “एकदाच जायचं, विषय संपला” असं वचन त्यामुळे देऊ नका.

सावधान. “बँकेत जाऊ” म्हणून बाहेर काढायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे उभं करायचं, ही युक्ती घरोघर सुचते. थेंबांच्या वेळी ती उघडी पडतेच, आणि पुढच्या वेळी बाबा बँकेतही येत नाहीत.

## टप्पा ४: मेसेज लिहा

आता मजकूर. आधी एक मसुदा बघा, असे मेसेज रोज जातात:

> बाबा, किती वेळा सांगायचं? तुम्हाला नीट दिसत नाही हे सगळ्यांना कळतं, फक्त तुम्हालाच कळत नाही. गाडी चालवता, काही झालं म्हणजे? काचबिंदूने माणूस आंधळा होतो हे माहीत आहे ना? काकांचं बघितलंत ना? प्लीज या महिन्यात तरी डॉक्टरकडे जा. आमच्यासाठी तरी.

एकही वाक्य खोटं नाही. पण पहिल्याच ओळीत बाबा आरोपी झाले, दुसरीत घर त्यांच्याविरुद्ध एक झालं, तिसरीत गाडी आली, चौथीत धमकी. आणि “या महिन्यात” ही तारीख नाही. एवढं वाचून “बघू” सोडून दुसरं काय लिहायचं?

आता तयारी झाल्यानंतरचा:

> बाबा, एका कामात तुमची मदत हवी आहे.
>
> मोठ्या काकांना काचबिंदू निघाला. तो जवळच्या नात्यात असू शकतो, म्हणून भावंडांनी डोळे तपासून घ्यायचे असतात. तुम्हाला असेल तर माझा धोका वाढतो. माझी चाळिशी उलटली आहे, मलाही तपासायचंच आहे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, वडिलांना आहे का? ते मला माहीत नाही.
>
> मी १४ तारखेला, शनिवारी येते आहे. सकाळी १० ची दोघांची वेळ घेतली आहे. सुई नाही, दुखत नाही. दोन तास लागतील. थेंबांमुळे दुपारपर्यंत धूसर दिसतं, म्हणून दोघंही टॅक्सीने जाऊ.
>
> शनिवार जमत नसेल तर सोमवार सकाळ आहे. शनिवार की सोमवार, एवढंच कळवा.

यात वजन आहे ते दुसऱ्या परिच्छेदाला. हट्टी वडील स्वतःसाठी डॉक्टरकडे जात नाहीत, मुलीसाठी जातात, हे तर सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच “आमच्यासाठी तरी” लिहिलं जातं. पण “आमच्यासाठी” म्हणजे आमच्या मनाच्या शांतीसाठी, आणि त्याला बाबांकडे उत्तर असतं: “मी ठीक आहे, काळजी करू नकोस.” इथे मात्र मुलीला खरीखुरी माहिती हवी आहे आणि ती फक्त बाबांच्या डोळ्यांतून मिळू शकते. काका नात्याने एक पायरी लांब, वडील सख्खे. काकांच्या दुखण्याने मुलीचा धोका थोडा वाढतो. वडिलांना असेल तर बराच. काळजी नको म्हणता येतं, माहिती द्यायला नाही म्हणणं अवघड जातं.

हे कारण खरं असेल तरच वापरा, आणि वापरलंत तर स्वतःची तपासणी करूनच घ्या. बाबांना आधी खुर्चीवर बसवून “माझं पुढच्या वेळी” म्हणालात, तर पुढच्या वेळी कोणीच जात नाही.

काचबिंदू नात्यात नसेल तर दुसरं खरं कारण घ्या. मधुमेह असेल तर लिहा, “साखरेच्या तपासण्यांमध्ये वर्षातून एकदा पडदा बघायचा असतो, तेवढी राहिली आहे.” यात डोळे खराब झाल्याचा आरोप नाही, एका यादीतली राहिलेली खूण आहे. दोन्ही नसेल तर वयाचा नियम सांगा: पासष्टीनंतर काही त्रास नसतानाही वर्ष-दोन वर्षांनी डोळे बघून घ्यायचे असतात. हे सगळ्यात कमजोर कारण आहे, पण खरं आहे. आणि वाचायचा चष्मा आपोआप सुटला असेल तर तेच लिहा, कौतुकात विरजण न घालता: “चष्मा सुटला ते बरं झालं, पण नंबर का बदलला ते डॉक्टरांना विचारू.”

शेवटची ओळ बदलू नका. “याल का?” विचारलं की उत्तर “नाही” असू शकतं. “कधी जमेल?” विचारलं की “कळवतो”. दोन दिवसांतून एक निवडायचा असेल तर हट्टी माणसालाही निर्णय आपलाच असल्यासारखं वाटतं.

तपासा. पाठवण्याआधी मेसेजात हे शब्द शोधा आणि काढा: “वय झालं”, “सगळे म्हणतात”, “आई सांगत होती”, “गाडी चालवताना”. “ऑपरेशन” हा शब्दही नको. ते लागेल की नाही हे कोणालाच माहीत नाही. घरात बाबांना “तू” म्हणत असाल तर मेसेजात “तुम्ही” आणू नका, नोटीस आल्यासारखी वाटते.

## टप्पा ५: पाठवा, पण त्यांना वाचता येईल असा

हे हसण्यावारी नेऊ नका: ज्यांना दिसायला त्रास आहे त्यांना आपण बारीक अक्षरांचा लांब मेसेज पाठवतो. ते पहिल्या दोन ओळी वाचतात, उरलेलं अंदाजाने भरतात. “काचबिंदू” दिसला की पुढचं वाचतच नाहीत.

सकाळी, उजेडात, ते फोन हातात घेतात त्या वेळी पाठवा. परिच्छेद वेगळे दिसू द्या. तारीख आणि वेळ असलेला भाग वेगळा मेसेज म्हणून गेला तर उत्तम, नंतर शोधायला सोपा. घरी गेलात तेव्हा त्यांच्या फोनमधला अक्षरांचा आकार वाढवून ठेवला असेल तर सोनं. ते टंकलेलं वाचतच नसतील तर हाच मजकूर मिनिटाच्या आत बोलून आवाजी मेसेज पाठवा. वाचून दाखवल्यासारखा नको, बोलल्यासारखा.

आणि फक्त त्यांनाच पाठवा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे चारचौघांत दिलेली समज. त्यावर एखादा आतेभाऊ “अहो काका, मी पण केलं, काही नसतं” लिहितो आणि बाबांची मान ताठ होते. डोळ्यांच्या आजारांचे फिरते व्हिडिओ सोबत जोडू नका.

## टप्पा ६: उत्तर येतं तेव्हा

पहिला दिवस काहीच लिहू नका. निळ्या खुणा दिसल्या म्हणून “काय ठरलं?” विचारलं की दबाव सुरू होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही आलं नाही तर फोन करा, आणि सुरुवात डोळ्यांनी करू नका.

आपल्या उदाहरणातल्या वडिलांकडून काय काय येऊ शकतं ते बघू.

“मला काही त्रास नाही.” लगेच खुणा मोजायला लागू नका. “नसेलच. काकांनाही नव्हता, नंबर काढायला गेले तेव्हा निघालं” असं तुमच्या घरात घडलं असेल तर तेवढंच सांगा. नाहीतर: “त्रास नसताना बघितलं तरच उपयोग, असा तो आजार आहे.”

“तू तुझे तपासून घे, माझं नंतर.” उत्तर: “माझे तपासतेच. पण वडिलांचं विचारलं तर काय सांगू?” इथे थांबा. शांतता भरून काढायची घाई करू नका.

“प्रेशर मोजून आलो, नॉर्मल आहे.” चांगली सुरुवात, तसं म्हणा. पण प्रेशर ठीक असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नस बघावी लागते आणि त्यासाठी थेंब. हे तुम्हाला माहीत असलं नाही तर बाबा हा डाव जिंकतात.

“आणि त्यांनी गाडी बंद करायला सांगितली तर?” हा प्रश्न आला तर समजा काम बरंच झालं, खालचं कारण वर आलं. खोटं आश्वासन देऊ नका. खरं हे आहे: दिव्यांची तिरीप आणि रात्री अंधूक दिसणं यामागे बऱ्याचदा बदललेला नंबर किंवा मोतीबिंदू असतो, आणि दोन्हींवर उपाय आहे. न तपासता राहिलं तर रात्रीची गाडी आधीच सुटली आहे, पुढे दिवसाचीही सुटू शकते. “गाडी टिकवायची असेल तरच हे करायचं” असं म्हणता येईल. मात्र ते त्यांनी विषय काढल्यावरच.

घरी एकेक डोळा झाकून पाहायला सांगावं का? हा उपाय दोन्हीकडून कापतो. एखाद्या डोळ्याने कमी दिसतंय असा तुम्हाला संशय असेल तर सांगा: लांबचा चष्मा लावून, तळहाताने एक डोळा न दाबता झाकायचा, खोलीच्या टोकावरचं कॅलेंडर वाचायचं, मग दुसऱ्या डोळ्याने. त्याच वेळी दाराच्या चौकटीची उभी कडा सरळ दिसते की वाकडी तेही बघायचं. वाकडी दिसली तर पडद्याच्या मधल्या भागात काही असू शकतं, आणि तेव्हा शनिवारची वाट न बघता लवकरची वेळ घ्या. हट्टी माणूस स्वतः काढलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवतो, तो असा. पण संशय फक्त काचबिंदूचा असेल तर हे सुचवू नका. दोन्ही डोळ्यांनी कॅलेंडर स्वच्छ वाचता येईल आणि बाबा म्हणतील, “झाली तपासणी.”

साफ नकार आला तर वेळ रद्द करू नका. “ठीक आहे. माझी शनिवारची आहेच, सोबत आलात तर बरं वाटेल, थेंबांनंतर मला एकटीला परतायला अवघड जाईल” एवढं लिहा. हेही खरंच आहे. तिथे पोचल्यावर तुमची तपासणी पाहून बरेच जण स्वतःही खुर्चीवर बसतात. नाही बसले तर जबरदस्ती नको. मग महिना-दीड महिना विषय बंद. त्यानंतर पुन्हा तोच मेसेज न पाठवता, ज्याचं ते ऐकतात त्याला बोलू द्या. इथे थोरले काका स्वतः फोन करू शकतात. मुलीच्या दहा मेसेजांपेक्षा काकांचं “मी उशीर केला, तू करू नकोस” जास्त काम करतं. काकांना मात्र आधी विचारा, त्यांच्या आजाराचं नाव पुढे केलेलं त्यांना चालतं का.

## टप्पा ७: होकार आल्यावर

“शनिवार” असं उत्तर आलं की “थँक यू बाबा!!! फायनली!!!” लिहू नका. “बरं, साडेनऊला निघू” पुरे.

आदल्या दिवशी पिशवीत ठेवायचं: सध्याचा चष्मा, जुने असतील तेही, आधीचे कागद, आणि चालू औषधांची पूर्ण यादी. यादीत प्रोस्टेटची गोळी असेल तर ती नक्की दाखवा. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो आणि पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला ते आधी माहीत असावं लागतं. ही गोळी चालू आहे हे पुष्कळ वडील मुलीसमोर सांगत नाहीत, म्हणून यादी त्यांच्याच हाताने लिहून पाकिटात द्यायला सांगा. तुम्ही उघडू नका. आणि गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका.

डॉक्टरांच्या खोलीत बाबांना बोलू द्या. टप्पा १ मधली यादी बाहेर काढायची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, किंवा नाव नोंदवतानाच चिठ्ठी आत पाठवा. विचारायचे प्रश्न तीन: डोळ्याची नस कशी आहे, पडद्यात काही आहे का, आणि पुन्हा कधी दाखवायचं. तिन्हींची उत्तरं कागदावर लिहून घ्या. साखर आवाक्यात नसेल तर नवा चष्मा करायची घाई नको, हेही तिथेच विचारून घ्या. साखर स्थिरावली की नंबर पुन्हा बदलू शकतो.

काही निघालं नाही तर बाबा म्हणतील, “बघ, सांगत होतो ना.” म्हणू द्या. तिथून निघण्याआधी पुढची तारीख घ्या आणि दोघांच्याही फोनमध्ये टाका. ती दोघांच्या नावाने घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हा सगळा मेसेज लिहावा लागणार नाही.